पाच मिनिटांच्या पाठाची स्क्रिप्ट: १/३ मोठा की १/४?

माझा पहिला व्हिडिओ बावीस मिनिटांचा होता. पाचवीचा अपूर्णांकांचा अख्खा धडा मी त्यात कोंबला होता: अंश, छेद, सममूल्य अपूर्णांक, लहानमोठेपणा, बेरीज, सगळं. शाळेच्या टीव्हीवर लावला. मुलं शहाण्यासारखी बसून बघत होती आणि मी मागे उभी राहून खूश. संपल्यावर फळ्यावर १/३ आणि १/४ लिहिलं आणि विचारलं, मोठा कोणता? निम्म्याहून जास्त हात १/४ साठी वर गेले. "बाई, चार मोठे ना तीनापेक्षा!"

हीच मुलं दुकानातून पाव किलो आणि अर्धा किलो यांत कधी चुकत नाहीत. म्हणजे गोष्ट त्यांना कळते, ती १/४ आणि १/२ अशी लिहिली की हरवते. माझ्या बावीस मिनिटांत या एका गाठीवर जेमतेम वीस सेकंद खर्च झाले होते. उरलेला वेळ मी मुलांना जे अडत नव्हतं ते सांगत होते, किंवा इतकं भरभर सांगत होते की अडायलाही उसंत नव्हती.

कॅमेरा, माइक, एडिटिंगचं ॲप यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. मी अडले ती स्क्रिप्टपाशी. म्हणून याच एका उदाहरणावरून, १/३ आणि १/४ यांच्यावरून, स्क्रिप्ट कशी उभी करायची ते पायरीपायरीने सांगते. विषय तुमचा वेगळा असेल, पायऱ्या त्याच.

## आधी हाताशी काय हवं

- त्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक आणि त्या विषयाच्या अध्ययन निष्पत्तींची यादी
- मुलांनी सोडवलेले, चुका असलेले कागद (हे सगळ्यात महत्त्वाचं)
- आडवी धरायची एक वही, मधोमध उभी रेघ मारलेली
- फूटपट्टी, कात्री, रंगीत कागद, दोन जाड स्केचपेन
- मोबाइल आणि त्यातलं स्टॉपवॉच
- तालमीसाठी दोन मुलं, शक्यतो वर्गातली हुशार नसलेली

मोबाइलचा स्टॅण्ड शूटिंगच्या दिवशी लागेल. स्क्रिप्ट होईपर्यंत त्याला हात लावू नका. मी आधी स्टॅण्ड विकत घेतला होता आणि मग त्याच्यापुढे काय बोलायचं हे शोधत बसले होते.

## १. चुकीच्या उत्तरांपासून सुरुवात करा

धडा उघडून 'यावर व्हिडिओ करू' असं ठरवलं की तो धड्याएवढाच लांब होतो. त्याऐवजी वर्गाला पाच मिनिटांत सोडवता येतील असे तीन प्रश्न कागदावर द्या आणि कारण लिहायला सांगा. मी हे दिले होते: १/३ आणि १/४ मध्ये मोठा कोणता, १/२ आणि १/५ मध्ये मोठा कोणता, आणि एका पट्टीचा १/४ भाग रंगव.

कागद तपासताना बरोबर-चूक एवढंच बघू नका, कारणं वाचा. रंगवायचा प्रश्न जवळपास सगळ्यांना आला होता. म्हणजे 'चार सारख्या भागांतला एक' हे त्यांना ठाऊक होतं. तुलनेच्या प्रश्नात मात्र कारण तेच ते: 'कारण ४ मोठा आहे', 'कारण ५ मोठा आहे'. पूर्ण संख्यांची सवय मुलं अपूर्णांकात घेऊन येतात आणि छेद हा आकडा म्हणून वाचतात. व्हिडिओचा विषय इथे मिळाला. 'अपूर्णांक' हा धडा झाला, 'छेद मोठा म्हणून अपूर्णांक मोठा, असं का नाही' हा विषय झाला.

असे कागद मिळाले नाहीत तर मागच्या वर्षीच्या वह्या काढा, किंवा शेजारच्या वर्गाच्या गुरुजींना विचारा, 'या धड्यात पोरं कुठे घसरतात?' याचं उत्तर त्यांच्या जिभेवर असतं.

## २. उद्दिष्ट एका वाक्यात, आणि त्याच्या आधी शेवटचा प्रश्न

माझ्या जुन्या वहीत उद्दिष्ट असं होतं: 'विद्यार्थ्यांना अपूर्णांकांची संकल्पना समजेल.' समजेल म्हणजे काय होईल? मला ते कुठे दिसेल? 'समजेल', 'माहिती होईल', 'आवड निर्माण होईल' ही क्रियापदं शेरेपुस्तकात शोभतात, स्क्रिप्टला त्यांचा उपयोग नाही. कारण त्यांच्यावरून काय ठेवायचं आणि काय काढायचं हे ठरवता येत नाही.

यातून सुटायची माझी युक्ती अशी की उद्दिष्टाच्या आधी शेवटचा प्रश्न लिहायचा. व्हिडिओ बंद झाल्यावर मुलाला कोरा कागद देऊन मी काय विचारणार? मी लिहिलं: '१/७ आणि १/९ यांत मोठा कोणता? का?' हे आकडे व्हिडिओत कुठेच येणार नाहीत, म्हणजे चित्र आठवून उत्तर देता येणार नाही. मग त्या प्रश्नावरून उद्दिष्ट आपोआप आलं:

*एकाच वस्तूचे, अंश १ असलेले दोन अपूर्णांक दिले तर मूल मोठा अपूर्णांक ओळखेल, आणि एका भागाला किती मिळतं हे कारण देईल.*

यातले दोन शब्द मुद्दाम आहेत. 'एकाच वस्तूचे', कारण लहान भाकरीचा अर्धा भाग मोठ्या भाकरीच्या तिसऱ्या भागापेक्षा कमी भरू शकतो. आणि 'अंश १', कारण २/३ आणि ३/४ इथे आणले तर सगळा डाव विस्कटतो. अध्ययन निष्पत्ती वर्षभराच्या असतात, त्यातली एक उचलून जशीच्या तशी व्हिडिओच्या माथ्यावर चिकटवू नका. व्हिडिओचं उद्दिष्ट तिचा एक लहानसा चतकोर असतं.

आता या वाक्याची चाळणी लावा. माझ्या जुन्या मसुद्यातून सममूल्य अपूर्णांक गेले, बेरीज गेली, 'दैनंदिन जीवनात अपूर्णांकांचे उपयोग' गेले. वाईट वाटतं, विशेषतः पतंगाचं छान चित्र काढलेलं असताना. पण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जे लागत नाही ते बाहेर.

## ३. तुकडे पाडा आणि प्रत्येकाला सेकंद द्या

व्हिडिओ किती लांब असावा यावर 'सहा मिनिटं' हा आकडा सगळीकडे फिरतो. तो मुख्यतः फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासातून आला. एडएक्स या ऑनलाइन शिकवणाऱ्या संकेतस्थळावरच्या चार अभ्यासक्रमांत लोकांनी सुमारे ६९ लाख वेळा व्हिडिओ उघडले त्याची नोंद त्यांनी तपासली, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणं साधारण सहा मिनिटांच्या आतच थांबतं असं त्यांना दिसलं. पण ते स्वतःहून, एकेकटे शिकणारे लोक होते. आपल्या पाचवीच्या वर्गात बाई शेजारी उभ्या असतात आणि रिमोट त्यांच्या हातात असतो. त्यामुळे एकूण लांबीपेक्षा व्हिडिओ कुठे थांबवता येतो याला मी जास्त महत्त्व देते. प्रत्येक तुकडा अशा ठिकाणी संपला पाहिजे की तिथे थांबवून वर्गाशी बोलता येईल.

माझी विभागणी अशी झाली:

| तुकडा | काय होतं | वेळ |
|---|---|---|
| १ | प्रश्न आणि चुकीचं उत्तर | ४० सेकंद |
| २ | दोन पट्ट्या कापून तुलना | ९० सेकंद |
| ३ | अर्ध्यापासून आठव्या भागापर्यंतची उतरण | ८० सेकंद |
| ४ | १/५ आणि १/१०: तू सांग | ६० सेकंद |

एकूण साडेचार मिनिटं. यात किती शब्द बसतात ते अंदाजाने ठरवू नका. धड्यातला एखादा परिच्छेद मुलांना सांगता तसा मोठ्याने एक मिनिट वाचा आणि शब्द मोजा. माझे ११० भरले. दोनशे सत्तर सेकंदांतून शांततेचे पन्नास वजा केले तर बोलायला दोनशे वीस उरतात, म्हणजे फार तर चारशे शब्द. माझ्या पहिल्या मसुद्यात नऊशे होते! तो तसाच रेकॉर्ड केला असता तर मी क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखी बोलले असते.

पहिल्या तुकड्यात चुकीचं उत्तर का ठेवलं, असं मला एका सहकारी बाईंनी विचारलं होतं. 'मुलांच्या डोक्यात चूक कशाला घालायची?' पण ती डोक्यात आधीच आहे. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या व्हिडिओंवर पीएच.डी. केली, २००८ साली. सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडला, सोपा वाटला, पण त्यांची उत्तरं फारशी सुधारली नाहीत. ज्या व्हिडिओत आधी नेहमीचा गैरसमज मांडून मग तो तपासला होता, तो त्यांना गोंधळाचा वाटला, पण शिकणं त्यातून जास्त झालं. कारण सरळ सांगितलं की मूल 'हे तर मला येतंच' म्हणून ऐकणं सोडतं. माझा बावीस मिनिटांचा व्हिडिओ बघताना मुलं शहाण्यासारखी का बसली होती, ते मला हे वाचून कळलं.

एक पथ्य मात्र पाळा. चुकीचं उत्तर मांडल्यावर ते तसंच सोडून तुकडा लांबवू नका, आणि ते देणाऱ्या मुलाला हास्यास्पद करू नका. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती ओळ अशी आहे: 'खूप जणांना वाटतं, चार मोठा, म्हणून १/४ मोठा. मलाही लहानपणी असंच वाटायचं. चल, कापून बघू.'

## ४. शब्दांच्या आधी चित्र ठरवा

अपूर्णांक म्हटलं की आपला हात भाकरीकडे किंवा पिझ्झ्याकडे जातो. मीही भाकरीच घेतली होती, आणि तिनेच घात केला. गोल वस्तूचे चार भाग सहज होतात, तीन सारखे भाग हाताने करून बघा! माझा एक भाग बाकीच्यांपेक्षा ठळक मोठा झाला. शिवाय दोन भाकऱ्या कधी सारख्या आकाराच्या नसतात, आणि आपल्या उद्दिष्टात तर 'एकाच वस्तूचे' आहे. गोलाचे दोन तुकडे शेजारी ठेवले तरी कोणता मोठा ते डोळ्यांना पटकन दिसत नाही.

कागदाच्या पट्टीने हे सगळे प्रश्न मिटतात. लांबी २४ सेमी घ्या, रुंदी ३ सेमी. चोवीसच का? कारण तिचे २, ३, ४, ६ आणि ८ सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात: १२, ८, ६, ४ आणि ३ सेमी. फूटपट्टीने खुणा करायला सोपं, आणि ए-फोर कागदाच्या लांबीत ती बसते. पट्ट्या आडव्या, एकाखाली एक मांडल्या की आडव्या स्क्रीनमध्ये नीट मावतात. डावी टोकं जुळवून ठेवली की उजवीकडे जे जास्तीचं बाहेर राहतं तोच फरक. वेगळं सांगावं लागत नाही.

तिसऱ्या तुकड्यात मी पाचही पट्ट्यांचा फक्त पहिला भाग निळा करून एकाखाली एक ठेवला. १२, ८, ६, ४, ३. जिना उतरल्यासारखं चित्र तयार होतं आणि शेजारी १/२, १/३, १/४, १/६, १/८ असे आकडे. वरून खाली येताना छेद वाढतो आणि निळा भाग आकसतो, हे एका नजरेत येतं.

चित्र ठरवताना तीन गोष्टी मी चुकून शिकले.

आकडा त्या भागावरच लिहा, किंवा अगदी त्याला खेटून. माझ्या पहिल्या व्हिडिओत चित्र डावीकडे आणि आकड्यांची यादी उजवीकडे होती. मुलांची नजर टेनिसची मॅच बघितल्यासारखी इकडून तिकडे जात राहिली.

जे बोलता तेच पूर्ण वाक्य पडद्यावर लिहू नका. शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मायर यांच्या प्रयोगांतून हे अनेकदा दिसलं आहे की चित्र चालू असताना बोललेलंच वाक्य पडद्यावरही उमटलं की शिकणारा चित्र सोडून वाचत बसतो. नवा शब्द असेल तर तो एकटा दाखवा, जसं 'छेद'. याला अपवाद आहेत. वर्गात ऐकू कमी येणारं मूल असेल तर सबटायटल हवीतच, आणि मराठी नुकती शिकणाऱ्या मुलांनाही त्यांची मदत होते. अशा वेळी चित्रं थोडी सावकाश चालवा.

तिसरं, एका चित्रात रंग दोनच ठेवा, आणि ते लाल-हिरवे नकोत. हे दोन रंग वेगळे न दिसणारी मुलं, बहुतेक वेळा मुलगे, पुष्कळ वर्गांत असतात आणि त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. मी पिवळी पट्टी आणि निळा भाग घेतला.

## ५. दोन रकान्यांत लिहा

आता ती आडवी वही घ्या. डावीकडे 'काय दिसतं', उजवीकडे 'काय ऐकू येतं'. आधी डावा रकाना पूर्ण भरा, मग उजवा. उलट केलं तर आधी भाषण होतं आणि मग त्याला चित्रं चिकटवावी लागतात.

माझा दुसरा तुकडा पूर्ण देते:

| दिसतं | ऐकू येतं |
|---|---|
| वरून टेबल. दोन पिवळ्या पट्ट्या एकाखाली एक, डावी टोकं जुळलेली. बोट दोन्ही उजव्या टोकांवर टेकतं. | या दोन पट्ट्या. लांबी सारखीच आहे, बघून घे. |
| वरच्या पट्टीवर ८ सेमीवर आणि १६ सेमीवर खूण. कात्री. तीन तुकडे किंचित दूर सरकवले. | वरच्या पट्टीचे तीन सारखे भाग केले. |
| पहिला तुकडा निळा रंगवला, त्यावरच १/३. | त्यातला हा एक. एकतृतीयांश. |
| खालच्या पट्टीवर ६, १२, १८ सेमीवर खुणा. कात्री. चार तुकडे. | खालच्या पट्टीचे चार सारखे भाग केले. |
| पहिला तुकडा निळा, त्यावरच १/४. | त्यातला हा एक. एकचतुर्थांश. आपला पाव. |
| बाकीचे पिवळे तुकडे हाताने बाजूला. दोन निळे तुकडे एकाखाली एक. | (५ सेकंद काही बोलायचं नाही) |
| १/३ च्या बाहेर राहिलेल्या भागावर बोट. | पट्टी तेवढीच. वाटेकरी वाढले, वाटा कमी झाला. |

नव्वद सेकंद, आणि शब्द चाळीससुद्धा नाहीत. कापायला, रंगवायला, सरकवायला वेळ लागतो आणि त्या वेळात बोलायचं काही नसतं. सुरुवातीला ही शांतता अंगावर येते आणि ती भरून काढायला 'तर विद्यार्थी मित्रांनो' सुरू होतं. तो मोह आवरा. चारशे ही शब्दांची कमाल मर्यादा आहे, कोटा नाही.

डावा रकाना भरताना 'अपूर्णांकाचे चित्र दाखवणे' असं मोघम लिहू नका. कोणती वस्तू, कुठून दिसते, काय हलतं, बोट कुठे टेकतं, हे लिहिलं पाहिजे. परीक्षा सोपी आहे: उजवा रकाना झाकून डावा एखाद्या सहकाऱ्याला द्या. त्यांना तेवढ्यावरून पट्ट्या मांडता आल्या तर तो पुरा झाला.

रकान्यात रिकामी चौकट राहिली तर तीही बोलते. डावीकडे लागोपाठ तीन ओळी 'बाई बोलताना दिसतात' असेल तर तिथे चित्र नाही, म्हणजे बहुधा तिथे व्याख्यान घुसलं आहे. पहिल्या वीस सेकंदांत मी दिसते, नंतर शेवटपर्यंत फक्त माझे हात.

## ६. उजवा रकाना बोलून लिहा

पुस्तकी मराठी कागदावर चांगली दिसते आणि कानाला टोचते. 'प्रस्तुत घटकामध्ये आपण अपूर्णांकांच्या लहानमोठेपणाचा अभ्यास करणार आहोत' या वाक्यात आठ सेकंद गेले आणि झालं काहीच नाही. त्या जागी माझं पहिलं वाक्य आहे: 'एक पट्टी तिघांत वाटली, तशीच दुसरी चौघांत. कोणाच्या वाट्याला जास्त?'

आधी वाक्य तोंडाने म्हणा, मग लिहा. एका वाक्यात दहा-बारा शब्दांच्या पुढे गेलात की ते दोन करा. मुलाला 'तू' म्हणायचं की 'तुम्ही' हे सुरुवातीलाच ठरवा आणि बदलू नका. मी 'तू' घेतलं, कारण बघताना प्रत्येक मूल एकटंच असतं.

आकड्यांची एक खास अडचण असते. उजव्या रकान्यात नुसतं १/३ लिहिलंत तर रेकॉर्डिंगच्या वेळी एकदा 'एक छेद तीन' तोंडात येईल, एकदा 'एकतृतीयांश'. मुलांना त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. तुमच्या वर्गात जे चालतं ते निवडा आणि उजव्या रकान्यात ते अक्षरांत लिहा.

'छेद' हा शब्द मी दुसऱ्या तुकड्यात एकदाही उच्चारत नाही. तो तिसऱ्यात येतो, जिना पाहून झाल्यावर: 'खाली लिहिलेला आकडा, म्हणजे छेद, काय सांगतो? वाटेकरी किती.' गोष्ट आधी दिसावी, नाव नंतर मिळावं.

आणि 'पाव'! एकचतुर्थांशाला घरचा शब्द म्हणून मी तो मोठ्या हौसेने घातला. तालमीत एका मुलाने गंभीरपणे विचारलं, 'वडापावातला?' आता त्याच्या आधी पहिल्या तुकड्यात 'पाव किलो साखर' येते, मग 'आपला पाव' म्हटलं की कोणी बेकरीत जात नाही.

## ७. थांबे सेकंदांसकट लिहा

'विचार करा' असं म्हणून आपण लगेच उत्तर सांगतो. हे वर्गातही होतं, व्हिडिओत जास्त होतं, कारण समोर कोणी नसतं आणि दोन सेकंदही मोठे वाटतात. म्हणून थांबा स्क्रिप्टमध्ये सेकंदांत लिहा आणि त्या वेळी पडद्यावर काय असेल तेही लिहा. चौथ्या तुकड्यात माझ्याकडे असं आहे: दोन कोऱ्या पट्ट्या, एकीवर १/५, दुसरीवर १/१०, भाग पाडलेले नाहीत, कोपऱ्यात घड्याळाचं चित्र, पंधरा सेकंद.

१/५ आणि १/१० मुद्दाम घेतले. दहा हा भला मोठा आकडा, चुकायला भरपूर वाव. उत्तर दाखवताना २४ सेमीच्या पट्टीवर त्यांचे भाग ४.८ आणि २.४ सेमी येतात, म्हणजे फरक लांबून दिसतो. आणि ही जोडी जिन्याच्या चित्रात नव्हती, त्यामुळे आठवून सांगता येत नाही.

या थांब्याच्या वेळी मागे संगीत वाजवू नका. मुलं त्यावर ठेका धरतात.

## ८. कॅमेऱ्याआधी कागदी तालीम

ही पायरी लोक गाळतात, आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वसूल करून देते. दोन मुलांना टेबलापाशी बसवा, पट्ट्या खरोखर कापा, स्क्रिप्ट वाचा. स्टॉपवॉच चालू ठेवा. नजर मुलांच्या डोळ्यांवर: ती पट्टीकडे बघतायत की तुमच्या तोंडाकडे? जिथे ती तुमच्याकडे बघायला लागतात तिथे चित्राने काम सोडलेलं असतं. त्या ओळीपुढे वहीत फुली मारा.

माझ्या तालमीत एक मुलगी दुसऱ्या तुकड्यापर्यंत नीट आली आणि म्हणाली, "पण बाई, खालच्या पट्टीचे तुकडे जास्त आहेत ना? मग जास्त तीच." मी गप्पच झाले. ती चुकली नव्हती, ती तुकड्यांची संख्या मोजत होती आणि मी तुकड्याच्या लांबीबद्दल बोलत होते. पडद्यावर एका पट्टीचे तीन आणि दुसरीचे चार तुकडे पसरलेले असताना तिने संख्या मोजणं साहजिकच होतं. डाव्या रकान्यातली 'बाकीचे पिवळे तुकडे हाताने बाजूला' ही ओळ तेव्हा जन्माला आली. शब्द एकही वाढला नाही, फक्त जे मोजायचं नाही ते नजरेआड केलं.

तालमीत काही बदल केलात तर दुसऱ्या दिवशी वेगळी दोन मुलं घ्या. पहिल्या दोघांना आता उत्तर माहीत असतं.

## ९. शूटिंगची यादी स्क्रिप्टवरूनच

स्क्रिप्ट पक्की झाली की डाव्या रकान्यातून सामानाची यादी काढा. माझी यादी: चोवीस सेमीच्या पिवळ्या पट्ट्या चौदा (प्रत्येक तुकड्याला लागतात त्या, शिवाय चार जादा, कारण कात्री वाकडी जाते), निळा स्केचपेन, पांढरी चादर. पट्ट्यांची सगळी दृश्यं एकाच बैठकीत, मोबाइल वरून खाली रोखून घ्या, म्हणजे उजेड बदलत नाही. आवाज नंतर वेगळा रेकॉर्ड करा, पंखा बंद करून, आणि मधली सुट्टी टाळून.

पुस्तकातलं चित्र, गुगलवर सापडलेला फोटो किंवा सिनेमाचं गाणं घालू नका. व्हिडिओ पुढे दीक्षासारख्या ठिकाणी द्यायचा झाला की परवानगीचा प्रश्न येतो आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पट्ट्या तुमच्या, हात तुमचे, तर ती कटकटच नाही.

व्हिडिओ दाखवून झाल्यावर '१/७ आणि १/९' चा कागद द्या आणि पुन्हा कारणं वाचा. माझ्या वर्गात या वेळी 'नऊ जणांत वाटलं तर कमी येतं' अशा ओळी आल्या. मग मी सहज म्हणून फळ्यावर २/३ आणि ३/४ लिहिलं. वर्ग एका सुरात ओरडला, "दोन छेद तीन मोठा! छेद लहान आहे, बाई!" पुढच्या स्क्रिप्टच्या पहिल्या तुकड्यात आता हेच वाक्य आहे.